‘चि. सौ.’ : एका कथेच्या सुरुवातीच्या पत्राचं प्रकरण

ही हकिकत एका दिवाळी अंकाच्या संपादनातली आहे. लेखिकेच्या परवानगीने लिहितो आहे. तिचं आणि अंकाचं नाव दिलेलं नाही, कथेतल्या मुलीचं नावही बदललं आहे. पत्राचा मजकूर मात्र छापला गेला तसाच आहे.

पार्श्वभूमी

जूनच्या पहिल्या आठवड्यात टपालाने एक कथा आली. लेखिका सिंधुदुर्गातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आधी त्यांच्या दोन-तीन कथा छापून आल्या होत्या. ही कथा सुमारे पाच हजार आठशे शब्दांची होती आणि त्यातले पहिले साडेअकराशे शब्द म्हणजे एक पत्र होतं.

कथेचा काळ १९७८. कोकण किनाऱ्यावरच्या एका दीपगृहातला लाईटकीपर ३१ ऑक्टोबरला निवृत्त होणार आहे. एकुलत्या मुलीशी बारा वर्षं बोलणं नाही. तिने १९६६ साली पुण्यात परजातीतल्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि बापाने दार बंद केलं. १९७१ मध्ये आई गेली. त्याची खबर देणारं पोस्टकार्ड मुलीला मिळालं तोवर दहावं-बारावं होऊन गेलं होतं. आता क्वार्टर रिकामी करायची आहे आणि आईची पेटी तिथेच पडून आहे. बाप पत्र लिहितो. पुढची सगळी कथा मुलीची आहे. ती एस.टी.ने येते, एक रात्र राहते, आणि पहाटे दिवा मालवल्यावर दोघं मिळून भिंगाभोवतीचे पडदे ओढतात. तिथे कथा संपते.

शेवटचं ते पान वाचून मी जागचा हललो नव्हतो. पडदे ओढणं हे रोजचं काम आहे. दिवसा उन्हाचे किरण भिंगातून एकवटले तर आत आग लागू शकते, म्हणून सकाळी पडदे लावावेच लागतात. मुलगी लहानपणी हे काम बापाबरोबर करत असे. बारा वर्षांनी हात त्याच कडीकडे जातो. दोघांपैकी कुणी काही बोलत नाही. हे पान ज्यांनी लिहिलं त्यांनीच सुरुवातीचं पत्र लिहिलं आहे, यावर विश्वास बसत नव्हता.

अडचण

पत्राची सुरुवात अशी होती :

“माझ्या लाडक्या सुमन, हे पत्र तू वाचशील की न वाचताच फाडून टाकशील, मला ठाऊक नाही. बारा वर्षांपूर्वी तू आमच्या मनाविरुद्ध लग्न केलंस आणि मी तुला घराबाहेर काढलं. तुझी आई त्या धक्क्यातून सावरली नाही. मी साऱ्या जगाला वाट दाखवत राहिलो, पण माझ्याच घरात काळोख होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.”

यात मला तीन गोष्टी खुपल्या.

पहिली गोष्ट, हे पत्र मुलीला लिहिलेलंच नव्हतं. बारा वर्षांपूर्वी आपण लग्न केलं हे सुमनला ठाऊक आहे. आपल्याला घराबाहेर काढलं हेही ठाऊक आहे. बाप ते तिला का सांगतो? कारण वाचकाला ते माहीत नाही. पत्राने सुरू होणाऱ्या कथेत ही गफलत फार होते. पाकिटावर एकाचा पत्ता आणि आतला मजकूर दुसऱ्यासाठी. वाचकाला ते नेमकं सांगता येत नाही, पण हा माणूस खरा नाही एवढं त्याला पहिल्या परिच्छेदात जाणवतं.

दुसरी गोष्ट, ती म्हण. मराठीत दीपगृहावर लिहायला बसणाऱ्याच्या वाटेत ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण उभीच असते. ती टाळायची तर ती येणार हे आधीच ओळखून ठेवावं लागतं. पहिल्याच परिच्छेदात ती आली की पुढची सगळी कथा त्या म्हणीचं उदाहरण होऊन बसते. पुढे काहीही घडो, वाचकाने निष्कर्ष आधीच काढलेला असतो.

तिसरी गोष्ट, आवाज. १९७८ साली अठ्ठावन्न वर्षांचा, मालवणी बोलणारा, सरकारी नोकरीत तीस-बत्तीस वर्षं काढलेला माणूस मुलीला ‘माझ्या लाडक्या सुमन’ असं लिहीत नाही. तो मायन्यापासून सुरू करतो. पत्राचा साचा त्याच्या हातात मुरलेला असतो, आणि त्याला जे बोलता येत नाही ते त्या साच्याच्या आडून तो बोलतो.

कथेत तंत्राच्या चुकाही होत्या. ‘फिरणाऱ्या दिव्याचा झोत दर काही क्षणांनी माझ्या कागदावरून जातो’ असं एक वाक्य होतं. दीपगृहात दिवा फिरत नाही, त्याच्याभोवतीचं भिंग फिरतं. आणि त्याचा झोत दूर समुद्रावर जातो. खालच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या कागदावर तो कधीच पडत नाही.

कोणते पर्याय होते

अंक सप्टेंबरच्या मध्याला छपाईला जाणार होता, म्हणजे हातात तीन महिने होते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पत्र काढून टाकून कथा थेट एस.टी.तल्या सुमनपासून सुरू करणं. मंडळातल्या एका सहकाऱ्याचं मत ठामपणे तेच होतं. पत्राने कथा उघडणं जुनं झालं, असं तिचं म्हणणं. मला ते अर्धंच पटलं. या कथेत बाप शेवटपर्यंत जवळजवळ मुका आहे. त्याचा आवाज पत्रात ऐकला नसेल तर पहाटेच्या पानावरचं त्याचं गप्प राहणं नुसतंच गप्प राहणं ठरेल. माणसाने काय बोलायचं टाळलं हे कळायला तो कसा बोलतो हे आधी कळायला हवं.

दुसरा विचार पत्राचे तुकडे करून ते प्रवासात पेरण्याचा होता. सुमन खिडकीशी बसली आहे, पत्र पुन्हा उघडते, दोन ओळी वाचते, असं. आम्ही हा प्रयोग करून पाहिला. लेखिकेने दहा दिवस खपून तसा खर्डा पाठवला. त्यात उत्कंठा वाढली खरी, पण ती खोटी वाटू लागली. सुमनने पत्र घरीच वाचलेलं आहे, ती आता वाचकासाठी ते थोडं थोडं उलगडते आहे. म्हणजे मूळ खोट तीच राहिली, फक्त बापाकडून लेकीकडे सरकली. हा खर्डा बाजूला ठेवावा लागला आणि लेखिकेची मेहनत वाया गेल्याचं मला वाईट वाटलं.

राहिला तिसरा मार्ग. पत्र सुरुवातीलाच ठेवायचं, पण ते खरंखुरं पत्र करायचं. मी फोनवर म्हणालो, “बाई, तुमचा लाईटकीपर हे कशावर लिहितोय? पाकिटात घातलेल्या कागदांवर, पोस्टकार्डावर की अंतर्देशीयावर?”

त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “अंतर्देशीय. पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो. आणि पाकीट विकत घेणारा तो माणूस नव्हे.”

पुढचं बरंचसं काम या एका उत्तराने मार्गी लावलं.

काय केलं

अंतर्देशीय पत्रात जागा मोजकी असते. आतलं एक मोठं पान आणि घडीवरची एक पट्टी, बस. बाईंनी पोस्टातून एक अंतर्देशीय आणलं आणि त्यावर हाताने बापाचं पत्र लिहायला घेतलं. साडेअकराशे शब्द त्यात बसणं शक्यच नव्हतं. त्याआधी मी त्यांना एकच काम करायला सांगितलं होतं. मूळ पत्रातलं सुमनला आधीच ठाऊक असलेलं प्रत्येक वाक्य पेन्सिलीने खोडायचं. सातशेहून जास्त शब्द त्यात गेले. लग्न गेलं, भांडण गेलं, आईचा आजार गेला. उरलं ते जवळजवळ सगळं पेटी, क्वार्टर आणि वाट यांविषयी होतं.

मग त्या एका निवृत्त लाईटकीपरना भेटायला गेल्या. काही दीपगृहं संध्याकाळी ठरावीक वेळात तिकीट काढून पाहता येतात, तशी त्यांनी आधी दोन पाहिली होती. पण आजची दीपगृहं विजेवर चालतात, आणि यंत्राला चावी देण्याच्या काळातली नोकरी कळायला ती नोकरी केलेला माणूसच लागतो. त्या गृहस्थांनी त्यांना अख्खी दुपार दिली.

जुना दिवा रॉकेलचा. रॉकेल दाबाने वर चढतं, तापून त्याची वाफ होते आणि ती जाळीत पेटते. लग्नाच्या वरातीतली गॅसबत्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. भोवतालचं काचेचं भिंग भलं जड, पण मोठ्या दिव्यांत ते पाऱ्याच्या हौदावर तरंगतं, त्यामुळे बोटाने ढकललं तरी सरकतं. ते फिरतं मनोऱ्याच्या पोटात लोंबणाऱ्या वजनावर, जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखं. वजन खाली आलं की हाताने फिरवून पुन्हा वर घ्यायचं. रात्रीतून अनेकदा. झोप लागली आणि वजन तळाला टेकलं तर भिंग थांबणार, आणि समुद्रावरच्या माणसाला दीपगृह ओळखू येणार नाही. कारण प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची रीत वेगळी असते, खलाशी त्यावरूनच ते कोणतं हे ओळखतो. थांबलेला दिवा म्हणजे त्याच्या दृष्टीने भलताच दिवा.

आणि रजिस्टर. दिवा किती वाजता लावला, किती वाजता मालवला, वारा, पाऊस, दृश्यता, रॉकेल किती जळलं, रोजच्या रोज. बाईंनी त्यांना विचारलं, दिवा लावायला कधी उशीर झाला होता का. त्या म्हणाल्या, हा प्रश्न ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की मला विचारल्याची लाज वाटली.

ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा आम्हा दोघांनाही कथा कशाची आहे ते एकदम दिसलं. मूळ खर्ड्यात पोस्टकार्ड टपालाच्या गोंधळाने उशिरा पोहोचलं होतं. बाई म्हणाल्या, “टपालाचा दोष नाहीच. त्याने कार्ड त्याच दिवशी लिहिलं. कोपराही फाडला. पण टपालपेटीत टाकलं सहाव्या दिवशी.” मरणाची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची तेव्हा रीत होती. बत्तीस वर्षांत ज्याने दिवा एक मिनिट उशिरा लावला नाही, त्याने मुलीला आईच्या मरणाची खबर सहा दिवस उशिरा दिली. जाणूनबुजून. हे त्याने कुठल्या रजिस्टरात लिहायचं?

आता प्रश्न आला की हे पत्रात सांगायचं का. बाईंना ते पत्रातच हवं होतं. त्यांचं म्हणणं, याच कबुलीसाठी तर तो लिहायला बसला आहे. माझं म्हणणं असं की तो त्यासाठीच बसला आहे म्हणूनच ते त्याला लिहिता येणार नाही. यावर आमच्यात दोन आठवडे चर्चा झाली, थोडी तापलीही. शेवटी मध्यम मार्ग निघाला. पत्रात कार्डाचा उल्लेख एका ओळीत यावा आणि तिथेच थांबावा. सहा दिवसांची गोष्ट रात्री सुमनला रजिस्टरातून कळावी. १९७१ च्या रजिस्टरात, आई गेली त्या तारखेला, नेहमीच्याच वेळेला दिवा लावल्याची नोंद आहे. आणि सहा दिवसांनंतरच्या नोंदीत, शेऱ्याच्या रकान्यात, दोनच शब्द आहेत : ‘कार्ड टाकले’. सरकारी रजिस्टरात त्याने केलेली ती एकमेव खासगी नोंद.

मग मायना. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो मी अजिबात वाया गेलेला मानत नाही. लग्न झालेल्या मुलीला बाप ‘चि. सौ.’ लिहितो. यांतला ‘सौ.’ लिहिणं म्हणजे लग्न मान्य करणं. बारा वर्षांत त्याने तिला लिहिलेलं एकच पत्र म्हणजे ते कोपरा फाटलेलं कार्ड, आणि अशुभाच्या कार्डावर मायना नसतोच. म्हणजे तिच्या नावाआधी ‘सौ.’ लावायची वेळ त्याच्यावर आजवर आलीच नव्हती. पहिल्या ओळीतलं हे एक अक्षर लिहिलं की मूळ पत्रातले क्षमेचे तीन परिच्छेद अनावश्यक होतात. उलट शेवटी जावयाचं नाव घेऊन आशीर्वाद लिहावा की नाही यावर बाईंनी योग्य तो निर्णय घेतला. ‘घरी सर्वांस यथायोग्य.’ तेवढं अंतर अजून आहे, आणि ‘यथायोग्य’ हा शब्द ते झाकायला आपल्या पत्रलेखनात तयारच आहे.

शेवटचा वाद मालवणीचा. त्या पिढीतली माणसं घरात मालवणी बोलत आणि पत्र मात्र पुस्तकी मराठीत लिहीत. म्हणून अख्खं पत्र मालवणीत लिहिणं चूक ठरलं असतं. बाईंनी एकच वाक्य मालवणीत ठेवलं होतं आणि मी ते खोडलं होतं. मला वाटलं, हे भावनेला मुद्दाम हात घालणं आहे. त्यांनी प्रुफात ते परत घातलं आणि समासात लिहिलं, “तो लिहिताना विसरला की तो लिहितोय.” मी ते राहू दिलं.

छापलेलं पत्र असं :

> ॥ श्री ॥
>
> दि. ३ ऑक्टोबर १९७८
>
> चि. सौ. सुमन हिस अनेक उत्तम आशीर्वाद.
>
> वि. वि. दिवा ६.२० ला लावला. वारा वायव्य, मंद. दृश्यता चांगली. पाऊस गेला असे वाटते.
>
> ता. ३१ रोजी मी निवृत्त होत आहे. नंतर क्वार्टर रिकामी करून द्यावयाची आहे. तुझ्या आईची पेटी येथे आहे. ती मी उघडलेली नाही. पेटी पार्सलाने पाठविता येईल, परंतु अंतर्देशीयात काही घालू नये असा नियम आहे, त्यामुळे किल्ली पाठविता येत नाही. तरी तू स्वतः येऊन नेलीस तर बरे होईल.
>
> मध्ये वजन वर घेण्यास उठलो होतो. आता ११.४० झाले.
>
> एस.टी. आता सड्यापर्यंत येते. शेवटच्या थांब्यास उतरावे. पूर्वीची पायवाट राहिली नाही, रस्ता केला आहे. उजव्या हातास कलमांची नवी बाग लागेल. ती संपली की दिवा दिसतो. बाय, तुका वाट गावतली मा?
>
> कार्डाविषयी पत्रात लिहीत नाही.
>
> घरी सर्वांस यथायोग्य. कळावे.
>
> बाबा

किल्लीच्या ओळींविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्या पूर्णपणे बाईंच्या आहेत. किल्ली रजिस्टर पोस्टाने पाठवता आली असती, पेटीबरोबर कापडात शिवूनही पाठवता आली असती. बापाला ते माहीत आहे, सुमनलाही माहीत आहे. ‘ये’ हा शब्द त्याच्या हातून उमटत नाही, म्हणून तो टपालखात्याच्या नियमाचा आधार घेतो. अंतर्देशीयावर छापलेली सूचना त्याच्या कामी आली. मूळ पत्रात याच जागी ‘मरण्यापूर्वी एकदा तुझं तोंड पाहू दे’ असं वाक्य होतं.

जागेचाही एक निर्णय इथे नोंदवतो. बाईंच्या मनात सुरुवातीला बेटावरचं दीपगृह होतं, खांदेरीसारखं. खांदेरीचं दीपगृह १८६७ सालचं, चहूबाजूंनी पाणी, चित्र म्हणून फार देखणं. पण मुलीचं बालपण मनोऱ्याच्या सावलीत गेलेलं हवं, पहाटे पडदे ओढायला ती तिथे हवी. समुद्रातल्या खडकावरच्या नेमणुकीत कुटुंब सोबत असेलच असं नाही. शिवाय शेवटी तिला एस.टी.ने यायचं आहे, चालत यायचं आहे. होडीने आली असती तर तांडेल आला असता, भरती-ओहोटी आली असती आणि सगळं नाट्यमय झालं असतं. म्हणून दीपगृह मुख्य किनाऱ्यावरच्या भूशिरावर, सड्याच्या म्हणजे कातळाच्या पठाराच्या टोकाला आणलं. ‘वाट सापडेल ना’ असं विचारणारं ते मालवणी वाक्यही त्यामुळेच शक्य झालं.

परिणाम

कथा अंकात आली. पत्रासह तिची लांबी चार हजार आठशे शब्दांवर आली होती. दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत या एका कथेवर वाचकांची सतरा पत्रं आणि बरेच फोन आले. आमच्यासारख्या अंकाला एका कथेसाठी हे पुष्कळ आहे.

पन्नाशीपुढच्या वाचकांनी मायना बरोबर वाचला. एका बाईंनी लिहिलं होतं की ‘चि. सौ.’ पाशी त्या थांबल्या आणि वडिलांचं त्यांना आलेलं पहिलं पत्र शोधायला उठल्या. अशा दोन-तीन पत्रांत कथेविषयी एकच ओळ आणि पुढे दोन पानं स्वतःच्या बापाविषयी होती.

तरुण वाचकांचं मात्र वेगळं झालं. एका महाविद्यालयात कथेवर चर्चा झाली, मला बोलावलं होतं. तिथल्या मुलामुलींना ‘सौ.’चं काहीच वाटलं नाही. त्यांच्या लेखी तो लग्नपत्रिकेतला एक शब्द. आणि ‘कार्डाविषयी पत्रात लिहीत नाही’ हे वाचून अर्ध्याअधिक मुलांना वाटलं की कार्ड म्हणजे कसलं तरी ओळखपत्र किंवा रेशनकार्ड. मरणाच्या खबरेच्या कार्डाचा कोपरा फाडत असत हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. रजिस्टरातल्या ‘कार्ड टाकले’ या नोंदीपर्यंत ते पोहोचले, पण त्यांच्यापुरती ती नोंद रिकामी होती. एक मुलगी म्हणाली, “काहीतरी मोठं घडलंय हे कळलं, पण काय ते शोधायला मागे गेले तर मागे काही नव्हतंच.”

मालवणी वाक्याबद्दल तक्रार एकही आली नाही. नाशिकच्या एका वाचकाने लिहिलं की शब्दाचा अर्थ त्याला फोन करून विचारावा लागला, आणि ज्या मित्राला विचारला तो अर्थ सांगताना गप्प झाला.

आज काय वेगळं करेन

ते मालवणी वाक्य मी खोडायला नको होतं. ज्या प्रदेशातला माणूस लिहितो आहे तिथलीच लेखिका ते वाक्य मागत होती, आणि मी पुण्यात बसून त्यावर लाल शाई फिरवली. बाईंनी हट्ट धरला म्हणून ते वाचलं. दुसरं कुणी असतं तर संपादकाच्या शाईपुढे गप्प बसलं असतं.

‘सौ.’ आहे तसाच ठेवेन. त्याचं स्पष्टीकरण कथेत घालायला गेलं की तो मेला. ज्याला कळेल त्याला कळेल, आणि ज्याला कळणार नाही त्याचं त्यामुळे काही अडत नाही. पत्र तरीही पत्र राहतं.

कार्डाचं तसं नाही. तिथे वाचक अडतो, आणि तो दोष माझा आहे. बाईंच्या शेवटून दुसऱ्या खर्ड्यात सुमन निघण्यापूर्वी कपाटातल्या डब्यातून जुनं कार्ड काढते आणि त्याच्या फाटलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवते, असं एक वाक्य होतं. पत्रानंतर लगेच पुन्हा टपाल नको, म्हणून मी ते काढायला लावलं. ते वाक्य सुमनच्या नजरेतून आलेलं होतं, त्यात वाचकाला बाजूला घेऊन सांगितलेलं काहीच नव्हतं. ते राहिलं असतं तर त्या महाविद्यालयातल्या मुलीला मागे गेल्यावर काहीतरी सापडलं असतं.

आता बाईंचा संग्रह निघतो आहे. महिन्यापूर्वी त्यांचा फोन आला, हीच कथा पहिली घ्यायची म्हणत होत्या. मी ते वाक्य परत घालायला सांगितलं. म्हणाल्या, “घातलंय. तुम्ही काढायला सांगितलंत त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं होतं.”